ध्रुवपदाची जागा : लोकप्रिय गीताच्या घाटाविषयी

थिओडोर अडोर्नो यांनी 1941 साली लोकप्रिय संगीतावर लिहिलेल्या निबंधात अमेरिकी गीताच्या बत्तीस बारांच्या साच्यावर जो आक्षेप घेतला, तो आजही या विषयाच्या चर्चेत गृहीत धरला जातो. त्यांच्या मते, अशा गीताचा घाट आधीच ठरलेला असतो. त्यातील तपशील कोणताही असला तरी समग्र रचनेवर त्याचा परिणाम होत नाही आणि त्यामुळे श्रोत्याच्या वाट्याला ऐकण्याचे कष्टच उरत नाहीत. मनात रुतून बसणारी ओळ किंवा सुरावट, जिला व्यवसायाच्या भाषेत ‘हुक’ म्हणतात, ही या दृष्टीने साच्यावर चिकटवलेली एक खूण ठरते. हा आक्षेप प्रत्यक्ष गीताच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम साच्याचाच इतिहास ध्यानात घ्यावा लागतो, कारण ‘कोरस’ या शब्दाचा अर्थच मध्यंतरी बदलला आहे.

चार्ल्स के. हॅरिस यांचे ‘आफ्टर द बॉल’ (1892) हे गीत जुन्या घाटाचे उत्तम उदाहरण होय. त्यात तीन दीर्घ कडवी आहेत. एक वृद्ध गृहस्थ एका लहान मुलीला आपल्या एकाकीपणाची कथा सांगतो : नृत्यसमारंभात प्रेयसीला परपुरुषाच्या जवळ पाहून त्याने तिला कायमचे दूर लोटले, तो पुरुष तिचा भाऊ होता, हे त्याला फार उशिरा कळले. कथा सारी कडव्यांत घडते. त्यांच्यामध्ये येणारे ध्रुवपद शब्दशः तेच राहते. परंतु पहिल्या वेळी सामान्य उद्गार वाटणारे तेच शब्द तिसऱ्या कडव्यानंतर पश्चात्तापाचे होतात. म्हणजे पुनरावृत्ती शब्दांची असली तरी अर्थाची नसते. आपल्याकडील पालुपदाच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही.

पुढील तीन-चार दशकांत हे प्रमाण उलटले. मुद्रित स्वरलिपी विकणाऱ्या प्रकाशकांना लोकांच्या तोंडी बसणारा भागच हवा होता, नृत्यगृहांना कथा नको होती आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. परिणामी कडवे आक्रसून केवळ प्रस्तावना उरले आणि पुष्कळदा गाळलेच जाऊ लागले. कोरस मात्र वाढत जाऊन स्वतःच संपूर्ण गीत बनला. त्याचे आठ-आठ बारांचे चार खंड असत : पहिला, दुसरा व चौथा खंड एकाच चालीचे, तिसरा वेगळ्या चालीचा. हा तिसरा खंड म्हणजे ‘ब्रिज’. स्वतंत्र ध्रुवपद आता उरले नव्हते. शीर्षकाची ओळ मुख्य खंडाच्या आरंभी किंवा अखेरीस येऊ लागली. ब्रिजला आपला अंतरा समजण्याचा मोह होतो, पण तो टाळावयास हवा. अंतरे अनेक असतात आणि प्रत्येक अंतरा मुखड्याकडे परततो. या घाटातला ब्रिज बहुधा एकदाच येतो.

अडोर्नो यांच्या निबंधाआधी दोनच वर्षे, 1939 साली, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटात ज्युडी गार्लंड यांनी ‘ओव्हर द रेनबो’ हे गीत गायिले. संगीत हॅरोल्ड आर्लेन यांचे, शब्द ई. वाय. हारबर्ग यांचे. याला लिहिलेले प्रास्ताविक कडवे चित्रपटात नाही; गीत थेट मुख्य खंडानेच सुरू होते. पहिल्याच शब्दावर चाल ‘सा’वरून एकदम तार ‘सा’वर झेप घेते. हाच या गीताचा हुक, असे सर्वजण मानतात. मात्र याच खंडात आणखी दोन झेपा आहेत, त्यांकडे सहसा लक्ष जात नाही. दुसरी झेप ‘सा’वरून ‘ध’पर्यंतच पोचते, तिसरी मंद्र ‘ध’वरून निघून ‘म’वर थांबते. प्रत्येक झेपेची उंची आधीपेक्षा कमी, आणि खंडाचा शेवट मूळच्या ‘सा’वर. शब्द दूरच्या प्रदेशाचे स्वप्न सांगतात, पण चाल प्रत्येक खेपेला जमिनीच्या अधिक जवळ येते. लेनर्ड मेयर यांनी 1956 साली मांडले की, संगीतातील भाव अपेक्षा अडवली गेल्याने निर्माण होतो. येथे अपेक्षा पहिल्या झेपेनेच जागवली आहे आणि खंड संपूनही ती पुरी होत नाही. श्रोता गुंततो तो या थकबाकीमुळे.

ब्रिजमध्ये झेपा थांबतात. ‘ग’ आणि ‘प’ या दोन स्वरांमध्ये चाल मुलांच्या बडबडगीतासारखी हेलकावत राहते, अक्षरे भराभर येतात. तिचा आवाका जितका लहान, तितका त्यानंतर मुख्य खंडात परत येणारा सप्तकाचा उड्डाणबिंदू मोठा वाटतो. ओळखीची झेप येथे हवीशी झालेली असते. परंतु खरा निर्णय त्यानंतरचा आहे. चौथ्या खंडानंतर जे छोटे समापन येते, त्यात ब्रिजचीच हेलकावणारी चाल परतते आणि अखेरीस पायरीपायरीने चढत तार ‘सा’वर पोचते. आरंभी जी उंची एका झेपेत घेतली आणि तीनदा गमावली, ती शेवटी पावलापावलाने गाठली जाते, तीही एका प्रश्नावर. ब्रिजचा तपशील बदलला तर हा शेवट अर्थहीन होईल. तपशिलाचा समग्रावर परिणाम होत नाही, हे विधान येथे टिकत नाही.

1960 नंतर स्वतंत्र ध्रुवपद पुन्हा आले. या संक्रमणाची खूण बीटल्सच्या ‘कान्ट बाय मी लव्ह’ या गीतात स्पष्ट दिसते. त्याचे ध्वनिमुद्रण 29 जानेवारी 1964 रोजी पॅरिसमध्ये झाले. गीताचे कडवे ब्लूजच्या बारा बारांचे असून त्याच्या अखेरीस शीर्षकाची ओळ येते. म्हणजे ठेवण जुनीच. दोन कडव्यांनंतर मायनर स्वरसंघांकडे झुकणारा एक वेगळा खंड येतो, तेथे जुन्या घाटात ब्रिज असता. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी हाच खंड गीताच्या आरंभी घेण्याची सूचना केली. त्या एका बदलाने त्याचे नाते पालटले : मध्ये आला असता तर तो दूर नेणारा खंड ठरता, आधीच ऐकलेला असल्यामुळे तो परतण्याचे ठिकाण झाला. स्वर तेच, त्यांना ध्रुवपद केले ते जागेने.

याची किंमतही आहे. ध्रुवपद स्वतंत्र झाल्यावर ब्रिज अपरिहार्य राहिला नाही. तो सामान्यतः दुसऱ्या ध्रुवपदानंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही. अनावश्यक ब्रिज ओळखण्याची कसोटी सोपी आहे : तो गाळून ऐकावे, पुढील ध्रुवपद पूर्वीइतकेच वजनदार वाटले, तर तो केवळ भरणा होता. 1986 ते 2015 या काळातील अमेरिकी लोकप्रिय गीतांच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गायनापूर्वीचे वादन वीसहून अधिक सेकंदांवरून सुमारे पाच सेकंदांवर आले. वाट पाहावयास लावण्याची मुभाच जेथे कमी होते, तेथे अडोर्नो यांचा आक्षेप पुन्हा बळावतो, हे मान्य करावयास हवे.

तथापि तो आक्षेप साच्यावर नव्हे, विशिष्ट गीतावर घ्यावा लागेल. गीताची संहिता कागदावर वाचणारा समीक्षक पुनरावृत्त ओळ एकदाच वाचतो आणि उरलेल्या वेळी ओलांडून जातो. श्रोत्याला ती ओलांडता येत नाही. म्हणून ओळ किती वेळा आली, यापेक्षा ती कशानंतर आली, हा प्रश्न समीक्षेने आधी विचारावयास हवा.