एन्नोरची चासी आणि मुंबईची डबल डेकर

आज मद्रासच्या, म्हणजे चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला जायचंय. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसरीकडे खाडी आणि मधल्या पट्ट्यात कारखाने. त्यातला एक अशोक लेलँडचा. थिओडोर लेव्हिट नावाच्या प्राध्यापकानं 1960 साली ‘मार्केटिंग मायोपिया’ हा लेख लिहिला. मायोपिया म्हणजे जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही, तो डोळ्यांचा दोष. लेव्हिटचं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी स्वतःला ‘रेल्वेवाले’ मानलं, ‘माणसं आणि माल पोहोचवणारे’ मानलं नाही. लोकांची प्रवासाची गरज तर वाढतच होती, पण ते गिऱ्हाईक मोटारी, ट्रक आणि विमानं घेऊन गेली.

पुस्तकांत हेच रेल्वेचं उदाहरण पुन्हा पुन्हा येतं. मला मात्र एन्नोरचं जास्त बोलकं वाटतं, कारण त्याचा दुसरा धागा आपल्या दापोडीपर्यंत येतो.

रघुनंदन सरन यांनी 1948 साली अशोक मोटर्स काढली आणि एन्नोरला ऑस्टिन मोटारींची जुळणी सुरू केली. पुढे इंग्लंडच्या लेलँडशी करार झाला आणि 1955 मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं. मोटार सोडून ट्रक-बसकडे वळणं हा गिऱ्हाइकाचा अभ्यास करून घेतलेला निर्णय होता, असं सांगायला छान वाटेल. पण त्या काळात काय बनवायचं आणि किती बनवायचं यावर सरकारी धोरणाचा मोठा हात होता. देशाला मालवाहतूक हवी होती आणि नुसती जुळणी करणाऱ्यांना सरकारचा पाठिंबा नव्हता.

आता खरा मुद्दा. एन्नोरहून निघायची ती बहुतेक वेळा पूर्ण गाडी नसायची, ती असायची चासी. म्हणजे लांब लोखंडी चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि स्टिअरिंग. हायवेवर तुम्ही पाहिलं असेल: उघड्या चासीवर तात्पुरत्या सीटवर बसलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर, ऊन-पाऊस अंगावर घेत शेकडो किलोमीटर चाललेला. ट्रकची चासी बॉडीवाल्याकडे जायची. तिथे सुतार आणि वेल्डर लाकडा-पत्र्याची केबिन आणि मागचा हौदा बांधायचे. आपल्या एसटीनं तर चासी विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या स्वतःच्या कार्यशाळांत बसगाड्या बांधल्या.

याचा अर्थ काय होतो बघा. एसटीची पायरी उंच आहे म्हणून आजीला चढता येत नाही, खिडकी खडखडते, सीटमध्ये गुडघे अडकतात. यातली एकही तक्रार एन्नोरपर्यंत पोहोचायचं कारण नव्हतं. चासी बनवणाऱ्याच्या व्याख्येत प्रवासी बसतच नव्हता. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे चासी विकत घेणारं महामंडळ किंवा ट्रकमालक, आणि त्यांना हवं होतं मजबूत इंजिन, कमी डिझेल आणि कुठेही मिळणारे सुटे भाग. त्या बाबतीत लेलँडचं नाव होतं, आणि ते रास्त होतं.

इथे मी लेव्हिटशी थोडा भांडतो. ‘गिऱ्हाइकाची गरज’ म्हणताना गिऱ्हाईक एकच असल्यासारखं आपण बोलतो. ट्रकच्या बाबतीत पैसे देतो मालक, बारा तास बसतो ड्रायव्हर आणि माल असतो तिसऱ्याचाच. बॉडीवाल्याची पद्धत मालकाच्या गरजेला उत्तम होती. कुणाला टँकर हवा, कुणाला उंच फळ्यांचा हौदा, आणि सगळं स्वस्तात. घाटात उन्हाळ्यात केबिनमध्ये भाजून निघणाऱ्याला मात्र विचारलं कुणी? मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी हवाच, हा नियम 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू व्हायचा ठरला तो सरकारी अधिसूचनेनं. बाजाराला ते आपणहून सुचलं नाही.

दुसरा फटका पुण्याहून आला. टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या गटानं मोठ्या ट्रकच्या मालकांऐवजी तीनचाकी टेंपोवाल्यांशी बोलायला सुरुवात केली. त्या वेळची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: एक तरुण म्हणाला, चारचाकी असेल तर लग्नाला चांगली स्थळं येतील. म्हणजे त्याला पाऊण टन माल तर न्यायचा होताच, शिवाय गावात थोडा मान हवा होता. मे 2005 मध्ये टाटा एस आली. दोन सिलिंडरचं लहान डिझेल इंजिन, चार चाकं, बंद केबिन आणि गल्लीत वळेल एवढा आकार.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ओव्हरलोडिंगवर कडक आदेश दिला. सुवर्ण चतुष्कोनाचे रस्तेही तयार होत होते. मोठा ट्रक शहराबाहेर थांबणार आणि आतला माल छोटी गाडी वाटणार, अशी विभागणी वेगानं होऊ लागली. गाड्यांच्या यादीकडे पाहत बसलं तर हा बदल दिसत नाही. ‘भाजीची जुडी शेतातून मंडईत आणि मंडईतून दुकानात कशी जाते’ एवढंच विचारलं, तर लगेच दिसतो.

एन्नोरवाल्यांनी 2007 मध्ये निस्सानशी हातमिळवणी केली, पण त्यांची ‘दोस्त’ ही छोटी गाडी रस्त्यावर यायला 2011 उजाडलं. म्हणजे टाटा एसनंतर सहा वर्षं. दोस्त चांगली चालली, कारण त्यांनी एसची नक्कल केली नाही. एसपेक्षा थोडं जास्त, सव्वा टनाच्या आसपास, ओझं नेणारा माणूस त्यांनी हेरला. उशिरा आलेल्यालाही वेगळी गरज सापडू शकते.

आता मुंबईला या. 1937 साली सुरू झालेल्या डबल डेकरची शेवटची डिझेल गाडी 15 सप्टेंबर 2023 रोजी निवृत्त झाली. तिच्या जागी आली वातानुकूलित विजेवरची डबल डेकर. बनवणारी कंपनी स्विच मोबिलिटी, म्हणजे अशोक लेलँडच्याच घरातली. पण बेस्टनं ही बस विकत घेतलेली नाही. गाडी, तिची देखभाल आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, कंडक्टर बेस्टचा, आणि धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर. चासी विकणारं घराणं आता किलोमीटर विकू लागलं होतं.

लेव्हिटला हे आवडलं असतं. पण इथे किंमतही मोजावी लागते. चासी विकली की पैसे हातात आणि विषय संपला. किलोमीटर विकायचे तर चार्जर बंद पडला, टायर फुटला, ड्रायव्हर आला नाही, तरी तोटा तुमचा. किलोमीटरच्या दरात खर्च भागत नाही म्हणून मुंबईत बेस्टच्या कंत्राटदारानं गाड्या काढून घेतल्याचं आपण पाहिलंय. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी बसचालकांचा संप झाला, तेव्हा थांब्यावर उभी असलेली माणसं बेस्टलाच बोल लावत होती. बस कुणाची, ड्रायव्हर कुणाचा, याच्याशी त्यांना काय देणंघेणं?