लॅपटॉपची स्क्रीन फुटली : दुरुस्त करायची की नवा लॅपटॉप घ्यायचा? आधी हा हिशोब करा

झाकण बंद करताना कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहतो, एसटीत बॅग दाबली जाते, नाहीतर लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला जातो. पुढच्या वेळी झाकण उघडलं की स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, काळा डाग आणि रंगीत उभ्या रेघा. तालुक्याच्या गावात स्क्रीन बदलून मिळते, पण दुकानदार चार-पाच हजारांच्या पुढचा आकडा सांगतो आणि घरात चर्चा सुरू होते, की एवढे पैसे जुन्यात घालायचे की थोडे आणखी टाकून नवाच घ्यायचा. या प्रश्नाचं उत्तर स्क्रीनच्या भावात नाही. ते बाकीचा लॅपटॉप अजून किती वर्षं चालणार यात आहे.

आधी टीव्हीला जोडून बघा

दुकानात जाण्याआधी घरीच एक तपासणी करता येते. बहुतेक लॅपटॉपला बाजूला एचडीएमआयचं तोंड असतं आणि सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल त्याला चालते. लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या रिमोटवरून त्या केबलचा इनपुट निवडा. चित्र आलं नाही तर विंडोजचं बटण दाबून धरा, P दाबा, मग पुन्हा एकदा P दाबून एंटर करा.

टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर लॅपटॉपच्या आतला मुख्य भाग, म्हणजे मदरबोर्ड, बहुधा ठीक आहे आणि बिघाड फक्त स्क्रीनपुरता आहे. टीव्हीवरही रेघा दिसल्या किंवा चित्रच आलं नाही, तर पडताना आत आणखी काही बिघडलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी नुसती स्क्रीन बदलून उपयोग होणार नाही.

दुसरी गोष्ट काचेची. काचेवर कुठेही तडा नाही, पण रेघा येतात आणि झाकण मागे-पुढे केलं की त्या येतात-जातात, तर दोष स्क्रीनचा नसून तिला जोडणाऱ्या आतल्या केबलचा असू शकतो. ते काम स्क्रीन बदलण्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात मोबाईलची टॉर्च तिच्यावर तिरपी धरा. अंधुक चित्र दिसलं तर मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलेला आहे. काळा शाईसारखा डाग मात्र दुरुस्त होत नाही. तिथे पॅनेल बदलावंच लागतं.

टीव्ही जोडलेला असतानाच महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्ती करा किंवा नका करू, हे काम आधी उरका.

लॅपटॉपचं खरं वय किती?

टीव्हीवर लॅपटॉप चालू असतानाच विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत खालचा शब्द टाइप करून एंटर करा :

```
msinfo32
```

समोर आलेल्या यादीत Processor या ओळीत प्रोसेसरचं नाव असतं. इंटेलचा असेल तर आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढच्या आकड्यावरून पिढी कळते. i3-5005U म्हणजे पाचवी पिढी, i5-8250U म्हणजे आठवी आणि i3-1005G1 म्हणजे दहावी.

हे बघायचं कारण असं, की विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा तिच्या पुढची अशी अट ठेवली आहे. सातव्या पिढीपर्यंतचा लॅपटॉप बंद पडणार नाही, पण सुरक्षेचे अपडेट मिळत नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि ऑनलाइन फॉर्म भरणं दिवसेंदिवस धोक्याचं होत जातं. त्यामुळे आठव्या पिढीच्या पुढचा लॅपटॉप असेल तर दुरुस्तीकडे कल ठेवा. त्याहून जुना असेल तर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

याच्या जोडीला तीन गोष्टी तपासा : बॅटरी चार्जरशिवाय किती वेळ टिकते, झाकणाची बिजागरी सैल झाली आहे का आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे की एसएसडी. या तिन्ही ठिकाणी पैसे लागणार असतील तर ते स्क्रीनच्या खर्चात धरायचे. नुसत्या स्क्रीनचा आकडा बघून ठरवलं की पुढे एकेक खर्च निघत जातो.

वर्षाचा खर्च काढा

हिशोबाची रीत सोपी आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च घ्या आणि त्यानंतर लॅपटॉप किती वर्षं कामाचा राहील त्याने भागा. नव्याच्या बाबतीत नव्याची किंमत घ्या, त्यातून फुटका लॅपटॉप विकून येणारे पैसे वजा करा आणि उरलेल्या रकमेला नवा किती वर्षं वापरणार त्याने भागा. जो आकडा लहान, तो सौदा परवडणारा.

समजा, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा २०२१ मध्ये घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप आहे. प्रोसेसर दहाव्या पिढीचा, रॅम ८ जीबी, एसएसडी आहे, बॅटरी दोन तास टिकते. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं. दुकानदाराने पॅनेल आणि मजुरी मिळून ५,५०० रुपये सांगितले. तालुक्याला दोन खेपांचे ३०० धरले तर एकूण ५,८००. लॅपटॉप अजून दोन वर्षं चालेल असं कमीत कमी धरलं तरी खर्च वर्षाला २,९०० रुपये पडतो.

तिच्या कामाचा नवा लॅपटॉप ४०,००० ला येतो असं धरू. फुटका लॅपटॉप ६,००० ला गेला तर खिशातून ३४,००० जातात. नवा पाच वर्षं वापरला तर वर्षाला ६,८०० रुपये. म्हणजे दुरुस्तीचा खर्च निम्म्याहूनही कमी. इथे स्क्रीन बदलणंच शहाणपणाचं.

आता दुसरा लॅपटॉप बघू. पाचव्या पिढीचा, दहा वर्षं जुना, रॅम ४ जीबी, जुनी हार्ड डिस्क. स्क्रीनचे ४,५००, तुटलेल्या बिजागरीचे १,५००, बॅटरीचे २,५०० आणि एसएसडीचे २,५०० असे मिळून ११,००० होतात. एवढं करून तो फार तर एखादं वर्ष रेटता येईल, म्हणजे वर्षाला ११,००० रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार. याच्यावर पैसे घालू नयेत.

वरचे भाव हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. पॅनेलचा दर मॉडेलप्रमाणे बदलतो. टचस्क्रीन असेल किंवा स्क्रीन गेमिंग लॅपटॉपची असेल तर खर्च बराच वाढतो. त्यामुळे तुमच्या दुकानदाराचा आकडा घ्या आणि हिशोब पुन्हा मांडा.

मधला रस्ताही आहे

लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवून वापरला जात असेल, उदाहरणार्थ दुकानाची बिलं, दूध डेअरीचा हिशोब किंवा घरचा अभ्यास, तर स्क्रीन न बदलता तो टीव्हीला किंवा जुन्या मॉनिटरला जोडून वापरता येतो. खर्च फक्त केबलचा. दुसऱ्या उदाहरणातल्या लॅपटॉपला नवा घेईपर्यंत असं चालवता येईल. मात्र कॉलेजला न्यायचा असेल तर हा उपाय कामाचा नाही. काचेचे तुकडे सुटत असतील तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे हाताला लागणार नाही.

दुरुस्तीला देताना

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. साध्या वॉरंटीत पडून फुटलेली स्क्रीन बसत नाही, पण लॅपटॉप घेताना अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन घेतलेला असेल तर ती बदलून मिळू शकते. बाहेरच्या दुकानात आधी उघडला तर पुढे वॉरंटीवरून अडवणूक होऊ शकते.

बाहेर करायची असेल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. पहिली, पॅनेल साधं एचडी बसवणार की फुल एचडी? आधी फुल एचडी असेल आणि साधं बसवलं तर अक्षरं जाड आणि फाटल्यासारखी दिसतात. दुसरी, पॅनेल नवं आहे की दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेलं? तिसरी, गॅरंटी किती महिन्यांची? ती बिलावर लिहून घ्या आणि बिल पक्कं मागा. जुनं पॅनेल परत द्यायला सांगा. त्याच्या मागच्या स्टिकरवर मॉडेलचा कोड असतो, तो पुढे कधी लागू शकतो.

काम करताना आतल्या बॅटरीची जोडणी आधी काढावी लागते. ती न काढता पॅनेलची केबल ओढली तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडू शकतो. मग नवी स्क्रीन बसवूनही ती काळीच राहते आणि टॉर्च धरली की अंधुक चित्र दिसतं. असं झालं तर ‘तुमच्या लॅपटॉपमध्येच आधीपासून दोष होता’ हे उत्तर लगेच मान्य करू नका. आधी टीव्हीवर चित्र आलं होतं त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला असेल तर तो इथे उपयोगी पडतो.

ताब्यात घेताना दहा मिनिटं द्या

दुकानातच लॅपटॉप चालू करा. पूर्ण पांढरा फोटो उघडा, मग पूर्ण काळा. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर चमकता ठिपका दिसला तर पॅनेल बदलून मागा. ब्राइटनेस कमी-जास्त होतोय का बघा. झाकण पाच-सहा वेळा सावकाश उघडा-मिटा आणि चित्र लुकलुकतंय का पाहा. स्क्रीनच्या चारी बाजूंची प्लास्टिकची पट्टी नीट बसलेली असावी.

शेवटी कॅमेरा आणि वायफाय तपासा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेनाच्या तारा झाकणातच, स्क्रीनच्या कडेने गेलेल्या असतात. काम करताना त्या दबल्या किंवा सुटल्या तर घरी गेल्यावर नेट मंद चालतं आणि दोष मोबाईल कंपनीला दिला जातो. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून आठ-दहा पावलं लांब जाऊन बघा. रेंज टिकली तरच पैसे द्या.

बिल असूनही दुकानदार गॅरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.