‘नर्स’मधील रकार : नागपूर परिसरातील इंग्रजी उच्चारांचा एक ऐतिहासिक विचार

हिंगणा-नागपूर परिसरात ‘नर्स’, ‘शर्ट’, ‘टर्म’ या शब्दांतील ‘र’ स्पष्ट उच्चारला जातो. दक्षिण इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारातून स्वरानंतरचा हा ‘र’ एकोणिसाव्या शतकात लोपला. स्कॉटलंडमध्ये तो टिकला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये निघाले. त्यामुळे हा ‘र’ स्कॉटिश शिक्षकांचा वारसा मानण्याचा मोह होतो.

जे. सी. वेल्स यांनी १९८२ मध्ये मांडलेले शब्दसंच लावून पाहिल्यास हा तर्क डळमळतो. वरील तीनही शब्द त्यांच्या ‘नर्स’ संचातील आहेत. पारंपरिक स्कॉटिश उच्चारात त्यांचे स्वर तीन निरनिराळे आहेत, स्पेलिंगमध्येही तीन निरनिराळी स्वराक्षरे आहेत. मराठीत मात्र तिन्हींत एकच ‘अ’ येतो. हे ऐक्य दक्षिण इंग्लंडचे होय. ‘बाथ’ संचातील ‘क्लास’, ‘पास’ यांत ‘आ’ आणि ‘ट्रॅप’ संचातील ‘बॅग’, ‘बॅट’ यांत ‘ॲ’ हा भेदही तिकडचाच. स्कॉटिश उच्चारात तो सामान्यतः नाही.

म्हणजे स्वर कानांनी घेतले, तर ‘र’ बहुधा डोळ्यांनी, स्पेलिंगवरून घेतला गेला. स्कॉटिश शिक्षकांनी तो दृढ केला असेल. पण हीच रूपे साऱ्या महाराष्ट्रात रूढ असल्याने केवळ नागपूरच्या उच्चारांवरून त्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही.