पंधरा बफरांची साखळी

प्रोग्रामरच्या नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न हटकून येतो. ठरावीक जागेचा कॅश लिहून दाखवा. जागा संपली की सर्वांत जास्त काळ कुणी न विचारलेली नोंद बाहेर काढा. आणि शोधणं, घालणं, काढणं ही कामं नोंदी शंभर असोत की एक कोटी, सारख्याच वेळात झाली पाहिजेत. उत्तर ठरलेलं: एक हॅश टेबल आणि एक दुहेरी साखळी, म्हणजे डबली लिंक्ड लिस्ट. पुष्कळ जण ते पाठ करूनच येतात आणि मुलाखतवाल्यांनी मुद्दाम रचलेलं कोडं समजतात. प्रत्यक्षात या जोडीचं कूळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात सापडतं.

त्यातल्या हॅशचा उगम 1953 सालचा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी जानेवारीत एका अंतर्गत टिपणात सुचवलं, की किल्लीवरूनच गणित करून खणाचा क्रमांक काढावा आणि एकाच खणात येणाऱ्या नोंदी एकमेकींना जोडून ठेवाव्यात. दुहेरी साखळी दहा वर्षांनी जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘स्लिप’ या यादी-प्रणालीत ठळकपणे दिसते. तिथे प्रत्येक घराला मागचा आणि पुढचा असे दोन्ही पत्ते आहेत.

पण मागचा पत्ता हवा कशाला, हे डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथमालेच्या 1968 सालच्या पहिल्या खंडात उत्तम कळतं. तिथे त्यांनी कॅलटेकच्या गणित विभागाच्या इमारतीतल्या लिफ्टचं सिम्युलेशन लिहिलं आहे. लिफ्टची वाट पाहून कंटाळलेला माणूस रांगेच्या मधूनच निघून जातो. रांग एकेरी असेल तर त्याच्या आधी कोण उभं आहे हे शोधायला पुन्हा सुरुवातीपासून चालत यावं लागतं. दुहेरी असेल तर तो स्वतःच दोन्ही शेजाऱ्यांना ओळखतो, त्यांची गाठ घालून देतो आणि बाहेर पडतो. एलआरयूत नेमकं हेच लागतं, कारण नुकतीच विचारलेली नोंद साखळीत कुठेही असू शकते.

‘सर्वांत जुना वापर तो आधी बाहेर’ हा नियम त्याच वर्षी आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 85 मध्ये थेट हार्डवेअरमध्ये उतरला होता. कॅशमध्ये 16 विभाग होते. वापरलेला विभाग यादीत सर्वांत वर जाई, तळाचा बळी पडे. सोळा असल्यामुळे तारांनी भागलं.

सॉफ्टवेअरमधला नमुना पाहायचा तर 1975 ची युनिक्सची सहावी आवृत्ती उघडावी. जॉन लायन्स यांनी तिच्यावर लिहिलेल्या भाष्याच्या झेरॉक्स प्रती प्रोग्रामरांच्या दोन पिढ्या फिरवत राहिल्या, त्यामुळे ही जागा अनेकांच्या ओळखीची आहे. डिस्कवरचा 512 बाइटांचा ठोकळा वाचला की तो मेमरीतल्या एका बफरमध्ये ठेवायचा आणि पुन्हा मागितला तर डिस्ककडे जायचं नाही, अशी योजना. मूळ मांडणीत असे बफर होते 15.

गंमत अशी, की प्रत्येक बफर एकाच वेळी दोन साखळ्यांत राहू शके. `b_forw` आणि `b_back` या दुव्यांनी तो आपल्या डिस्कच्या यादीत असे, आणि `av_forw`, `av_back` या दुव्यांनी मोकळ्या बफरांच्या यादीत. मोकळा म्हणजे रिकामा नव्हे. आतला मजकूर शाबूत असे, फक्त त्या क्षणी कुणी वापरत नसे. काम संपलं की बफर मोकळ्या यादीच्या शेपटाला जोडला जाई आणि नवा हवा असला की तोंडाकडचा उचलला जाई. एवढ्यानेच एलआरयू साधतो, वेळेची नोंद ठेवायची गरजच नाही.

समजा मोकळ्या यादीत तीनच बफर आहेत आणि त्यांत 7, 12, 40 हे ठोकळे याच क्रमाने आहेत. तोंड 7 कडे. आता कुणी 7 मागितला. तो डिस्कच्या यादीत सापडला, मोकळ्या यादीतून सुटला आणि वापरून झाल्यावर शेपटाला लागला: 12, 40, 7. मग 55 मागितला. तो कुठेच नाही, म्हणून तोंडचा 12 गेला आणि त्या बफरमध्ये 55 आला: 40, 7, 55. मघाशी 7 ला कुणी हात लावला नसता तर तोच गेला असता. आणि 7 ऐवजी 40 मागितला असता, तरी सुटका तितक्याच कामात झाली असती. ती करणाऱ्या `notavail` मधल्या या दोन ओळी:

```
rp->av_back->av_forw = rp->av_forw;
rp->av_forw->av_back = rp->av_back;
```

यादीचं डोकं म्हणून एक खोटा बफर कायम बसवलेला असल्यामुळे दुवे जोडताना-सोडताना ‘यादी रिकामी आहे का’ हेही तपासावं लागत नाही. आजही ही युक्ती न वापरणाऱ्यांचा कोड त्या एका अटीवर अडखळतो.

मात्र हॅश इथे नव्हता. ठोकळा शोधायला डिस्कची यादी सरळ एका टोकापासून चाळली जाई. ही उणीव म्हणवत नाही मला. पंधरांत शोधायला हॅश कशाला? मेमरी स्वस्त झाली, बफर वाढले, तेव्हा चाळणं परवडेना. मग बर्कलेच्या आवृत्त्यांत आणि सिस्टिम व्हीमध्ये डिस्कच्या यादीची जागा हॅशच्या रांगांनी घेतली. मॉरिस बाख यांच्या 1986 च्या पुस्तकात ती आकृती आहे: ठोकळ्याच्या क्रमांकाला 4 ने भागून उरणाऱ्या बाकीप्रमाणे चार रांगा, आणि त्यांच्यातून आडवीतिडवी फिरणारी मोकळ्या बफरांची साखळी. मुलाखतीतलं उत्तर ते हेच. हॅश ‘कुठे आहे’ ते सांगतो, साखळी ‘कुणाची पाळी’ ते सांगते.

मुलाखतीत एक गोष्ट मात्र हमखास निसटते. साखळीच्या नोडमध्ये फक्त किंमत ठेवली आणि किल्ली ठेवली नाही, तर तळाची नोंद काढताना ती हॅशमधल्या कोणत्या खणातून पुसायची हे कळत नाही. मग हॅशमध्ये मेलेल्या नोडचे पत्ते साचत जातात. युनिक्सच्या बफरमध्ये डिस्कचा आणि ठोकळ्याचा क्रमांक आधीपासूनच होता, त्यामुळे तिथे हा प्रश्न पडलाच नाही.

त्या दोन ओळींच्या आजूबाजूला आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्या आधी `spl6()` ही हाक येते आणि व्यत्यय थोपवले जातात, कारण पहिली ओळ झाल्यावर नि दुसरी होण्याआधी डिस्कचा व्यत्यय येऊन त्यानेही यादीला हात घातला तर साखळी अर्धवट तुटलेली सापडेल. या रचनेचं खरं दुखणं इथेच आहे: नुसतं वाचलं तरी साखळी बदलते. जावाच्या `LinkedHashMap` ला वापरानुसार क्रम लावायला सांगितलं, तर तिचा `get` हाही रचना बदलणारा ठरतो, असं तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. तरीही ‘वाचतच तर आहोत’ म्हणून अनेक थ्रेडना एकत्र वाचायची मुभा देणारं कुलूप लावलं जातं आणि अधूनमधून प्रोग्राम विचित्र वागतो. संशय आला तर साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजत जावं आणि आकडा `size()` शी ताडावा. जुळला नाही, किंवा मोजणी संपेचना, तर दुवे तुटले आहेत.

दर वाचनामागे सहा पत्ते लिहायचे आणि त्यासाठी कुलूप घ्यायचं, हा खर्च ‘स्थिर वेळ’ या शब्दांत दिसत नाही. मल्टिक्समध्ये कॉर्बाटो यांनी म्हणूनच साठच्या दशकाच्या शेवटी साखळी टाळून प्रत्येक पानाला एक खूणबिट दिला आणि घड्याळाच्या काट्यासारखा पानांवरून फिरणारा दर्शक ठेवला. रेडिस तर दोन पत्त्यांची मेमरीही वाचवतो. त्याला एलआरयूचं धोरण नेमून दिलं, तर डीफॉल्टने तो पाच किल्ल्या यदृच्छेने उचलतो आणि त्यांतली सर्वांत जुनी काढायला घेतो.