बहुभाषक लेबल (खाद्यपदार्थ), खानदेशातील

एकाच पाकिटावर दोन, तीन किंवा चार भाषांतला मजकूर बसवताना मालाचे नाव आणि ओळख लांबूनही चटकन कळावी, यासाठी केलेली लेबलाची मांडणी. जळगाव-धुळे पट्ट्यात ही गरज भूगोलातून आली आहे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते एकमेकांना छेदतात. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश लागतो आणि नंदुरबारकडून गुजरात सुरू होतो. सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथे मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चारही भाषा रोजच्या वापरातल्या. रावेर-यावलच्या केळ्यांचे वेफर्स याच वाटांनी बाहेर जातात, म्हणून या नोंदीत उदाहरण त्यांचेच घेतले आहे.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलविषयक २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवी. वजनमाप खात्याचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियमही हेच सांगतात. जोडीला इतर कोणतीही भाषा चालते, फक्त तिच्यातला मजकूर मूळ मजकुराशी विसंगत नसावा. म्हणजे निव्वळ मराठी लेबल कायद्याला पुरत नाही आणि मराठी ही उत्पादकाने स्वतः निवडायची जोड ठरते. अनेक उत्पादक इथेच गोंधळतात. सगळ्या भाषांना सारखा मान द्यायचा म्हणून दर्शनी बाजूवर नाव चार वेळा, एकाच आकारात छापतात. असे पाकीट दुकानात टांगले की चारपैकी एकही नाव वाचले जात नाही.

यातून सुटण्यासाठी प्रत्येक भाषेला वेगळे काम द्यावे लागते. समजा, १८ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच असे २०० ग्रॅम वेफर्सचे उशीसारखे पाउच आहे. दर्शनी बाजूवर ब्रँडचे नाव एकदाच, एकाच लिपीत आणि ठरलेल्या अक्षरवळणात यावे. दुसऱ्या लिपीतले नाव हवेच असेल तर ते मुख्य नावाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे नसावे आणि त्याला वेगळा रंग किंवा चौकट देऊ नये. त्याखाली पदार्थाचे नाव, एका कोपऱ्यात निव्वळ वजन आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह. दर्शनी भाग १०० ते ५०० चौ. सेंमीमध्ये बसतो, त्यामुळे चिन्हातल्या वर्तुळाचा व्यास किमान ४ मिमी आणि भोवतीच्या चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट लागते. हे चिन्ह सगळ्या भाषांचे वाचक ओळखतात, तेव्हा त्याच्याशेजारी तीन भाषांत ‘शाकाहारी’ लिहून जागा घालवण्यात अर्थ नाही. ‘तिखट’ किंवा ‘खारे’ हा प्रकार शब्दापेक्षा पाकिटाच्या रंगाने सांगितलेला बरा. अहिराणीतली एखादी खुसखुशीत ओळ मात्र दर्शनी बाजूवर शोभते. ती ओळखीची खूण असते, माहिती नसते, म्हणून तिचा अनुवाद करू नये.

खरी अडचण मागच्या बाजूला येते. अशा पाउचला पाठीमागे मधोमध उभा जोड असतो. त्यात साधारण एक सेंमीची पट्टी जाते आणि वरच्या-खालच्या जोडांत आणखी थोडी. उरतात सुमारे आठ सेंमीचे दोन उभे रकाने. मजकूर जोडावरून गेला तर शब्दाचे दोन तुकडे होतात. नवख्या डिझायनरला संगणकावर सपाट चित्र दिसत असल्याने हे पाउच भरून हातात येईपर्यंत कळत नाही. म्हणून डाव्या रकान्यात सर्व बंधनकारक माहिती एका भाषेत, सलग ठेवावी: घटक, पोषणतक्ता, १४ आकडी परवाना क्रमांक, पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क. उजव्या रकान्यात इतर भाषा, आणि त्यांत फक्त गिऱ्हाईक खरोखर वाचते तेवढेच: घटक, ॲलर्जीची सूचना, साठवण. पोषणतक्ता तीनदा छापू नये. आकडे सगळ्यांचे एकच असतात, तेव्हा ओळींची शीर्षके दोन भाषांत दिली की पुरते. तारीख, बॅच आणि किंमत पॅकिंगच्या वेळी वेगळ्या यंत्राने उमटते, तिच्यासाठी फिकट, कोरी चौकट एकदाच सोडायची.

मराठी आणि हिंदी यांची लिपी एक असल्याने दोन्ही परिच्छेद शेजारी आले की वाचणारा चुकून एकातून दुसऱ्यात शिरतो. त्यांच्यामध्ये गुजराती परिच्छेद ठेवला की प्रश्न सुटतो, कारण गुजरातीला शिरोरेघ नसल्याने तो लांबूनही वेगळा दिसतो. मराठीतली ल आणि श यांची वळणे हिंदी छपाईतल्या रूढ वळणांहून वेगळी आहेत. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच मराठी वळण येते. लिप्यांचा जाडपणा जुळावा म्हणून एकाच कुटुंबातले फॉन्ट घेणे सोयीचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्त’ या कुटुंबात देवनागरीला जुळणारी गुजरातीही आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींतले अंतर तिला अपुरे पडते. सात पॉइंटाखाली गेल्यास प्लॅस्टिकच्या फिल्मवर शाई पसरून ष, ळ, क्ष यांची पोटे भरतात. गडद रंगावर पांढरी अक्षरे ठेवली आणि रंग किंचित सरकले, तर ती आणखी लवकर बुजतात.

ग्रॅव्हुअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. म्हणून सर्व भाषांचा बारीक मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवण्याची पद्धत आहे. पुढे पामोलीनऐवजी सूर्यफुलाचे तेल वापरायचे ठरले किंवा गुजरातीच्या जागी दुसरी भाषा आली, तर एकच सिलिंडर नवा करावा लागतो. तेल बदलले की मराठी आणि हिंदीत दुरुस्ती होते आणि गुजराती परिच्छेद तसाच राहतो, हा नेहमीचा घोळ. कायद्याला नको असलेली विसंगती बहुतेक वेळा अशीच शिरते. ती पकडायला ती भाषा यावी लागत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात, त्यामुळे केळी, तेल, मीठ, मसाला हा क्रम आणि पदांची संख्या प्रत्येक परिच्छेदात सारखीच भरली पाहिजे. तेलाचा प्रकार बदलला असेल, तर दुसऱ्या जागेवरचे पद सगळ्या भाषांत बदललेले दिसायला हवे.

फाइल छापखान्यात गेल्यावर आणखी एक धोका असतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरे पालटतात. युनिकोड मजकूर भारतीय लिप्यांची जुळणी बंद असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. गुजरातीतही हेच घडते, पण जळगावात ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अक्षरे आकृतींत रूपांतरित करूनच फाइल द्यावी आणि पहिला नमुना कागदावर न काढता खऱ्या फिल्मवर, खऱ्या आकारात काढावा. पाउच भरून फुगवावे, हातभर अंतरावर धरून ब्रँडचे नाव वाचावे आणि मागची बाजू त्या त्या भाषेत लिहिण्या-वाचण्याची रोजची सवय असलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. सुरतेच्या व्यापाऱ्याला फोनवर फोटो पाठवून हे काम अर्ध्या तासात होते. नवा सिलिंडर कोरण्याचा खर्च त्याच्या कैक पटींनी असतो.