दारूमुळे खंगलेल्या रुग्णाला लगेच पोटभर जेवण का देत नाहीत?

समजा, वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणारा, ४० किलो वजनाचा रुग्ण दवाखान्यात दाखल झाला. दहा दिवस पोटात जवळपास काहीच नाही. घरचे डबा घेऊन आलेत, पण डॉक्टर आधी शिरेतून थायमिन, म्हणजेच व्हिटॅमिन बी-१ देतात. असं का?

साखरेपासून ऊर्जा बनवायला थायमिन लागतं आणि दारूमुळे त्याचा साठा संपत आलेला असतो. त्यात एकदम जेवण किंवा नुसतं ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. रुग्ण गोंधळतो, त्याचा तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते. तिन्ही लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात, त्यामुळे डॉक्टर नुसत्या संशयावरही मोठे डोस सुरू करतात. रक्तातली साखर फारच घसरली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवत नाहीत, थायमिनसोबतच देतात.

मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन देऊनही गुण येत नाही. म्हणून तेही तपासून भरून काढतात.

जेवणाची सुरुवात साधारण किलोमागे १० कॅलरींनी, म्हणजे दिवसाला फक्त ४००. घरच्यांना ही उपासमार वाटते! पण घाई केली तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे सुरुवातीला रोज रक्ततपासणी होते आणि आकडे सांभाळत आठवडाभरात आहार वाढवला जातो.