ऊसदर की नफा? सहकारी साखर कारखाने आणि प्राप्तिकराचा वाद

१/ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सहकारी साखर कारखान्यांना जुन्या प्राप्तिकरातून सवलत जाहीर झाली. तिचे मूल्य सुमारे १०,००० कोटी रुपये असेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. एवढा कर मुळात साचला कशावर? उसाच्या दरावर! शेतकऱ्याला दिलेला जादा दर हा कारखान्याचा खर्च की नफ्याची वाटणी, हा तो वाद.

२/ या प्रश्नाचे मूळ १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे सापडते. तेथे २८ जणांनी मिळून एक दुकान काढले. वर्षाअखेरीस उरलेली रक्कम त्यांनी भांडवलाच्या नव्हे, तर प्रत्येकाच्या खरेदीच्या प्रमाणात वाटली. त्यामागचा विचार साधा होता. दुकान सभासदांचेच असेल, तर ही शिल्लक म्हणजे त्यांच्याकडून जास्त घेतलेली किंमत. ती परत केली, एवढेच. स्वतःच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे ठेवून कोणी श्रीमंत होत नाही.

३/ कंपनीचे तसे नसते. तिचा नफा ग्राहकांकडून येतो आणि भागधारकांकडे जातो. देणारे आणि घेणारे वेगळे असतात. म्हणून कंपनी आधी नफ्यावर कर भरते आणि उरलेल्यातून लाभांश देते. सहकारी संस्थेनेही भागभांडवलावर लाभांश दिला, तर तो नफ्याचीच वाटणी ठरतो. सभासदाने संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात जे परत जाते, तेवढ्याचाच विचार निराळा.

४/ आता महाराष्ट्रात येऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. येथे रॉचडेलचे चित्र उलटे होते. सभासद माल विकत घेत नव्हता; तो कारखान्याला ऊस विकत होता. त्यामुळे शिल्लक परत करण्याचा मार्ग म्हणजे उसाला चढा दर. आधी उचल, मग हप्ते, आणि हंगामाचा हिशेब लागल्यावर राज्य सरकारच्या मान्यतेने अंतिम दर, अशी पद्धत रुळली.

५/ केंद्राचा किमान दर मात्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार हंगामाआधीच ठरे. या दोन दरांमधील फरकावर प्राप्तिकर खात्याने बोट ठेवले. एक काल्पनिक हिशेब करू. किमान दर टनाला ८०० रुपये, अंतिम दर १,१०० रुपये आणि सभासदांचा ऊस १ लाख टन. फरक झाला ३ कोटींचा. तो उसाची किंमत मानला, तर कारखान्याचा खर्च आणि त्यावर कर शून्य. शेतकऱ्याच्या हातीही ते शेती उत्पन्न, म्हणजे करमुक्त. तोच फरक नफ्याची वाटणी मानला, तर ३० टक्के दराने ९० लाखांचा कर. आणि पैसे तर शेतकऱ्यांकडे गेलेले!

६/ कायद्यात सहकारी संस्थांना कलम ८०-पी ची सवलत होतीच की, असे कोणी म्हणेल. पण सभासदांच्या शेतमालावरील प्रक्रियेसाठी तिथे एक अट आहे : प्रक्रिया यांत्रिक शक्तीविना झालेली हवी. यंत्रांवर चालणारा साखर कारखाना त्या दारातून आत जाऊच शकत नव्हता.

७/ मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. अंतिम दर हंगामानंतर, कारखान्याचे हिशेब समोर ठेवून ठरतो. म्हणून त्यात नफ्याचा काही अंश असणार. तेवढा अंश ही नफ्याची वाटणी, बाकीचा खर्च. तो अंश किती, हे कर अधिकाऱ्याने प्रत्येक कारखान्याचे कागद पाहून ठरवावे. तत्त्व स्पष्ट झाले, पण दशकांपूर्वीच्या हंगामांचे हिशेब पुन्हा उघडण्याची वेळ आली.

८/ संसदेने २०१५ मध्येच पुढचा मार्ग आखला होता : सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम सहकारी कारखान्याचा खर्च मानावी. पण ही तरतूद २०१६-१७ च्या कर निर्धारण वर्षापासून लागू होती. त्याआधीची वर्षे लोंबकळत राहिली. २०२३ च्या सवलतीने तेवढाच मागचा भाग झाकला.

९/ रॉचडेलमध्ये कसोटी होती ती पैसे कोणाचे आणि कोणाकडे परत गेले याची. उसाच्या बाबतीत ती शेवटी सरकारी मान्यतेच्या कागदावर येऊन थांबली. मान्य दराच्या वर कारखान्याने सभासदाला एक रुपया जरी दिला, तरी तो किंमत की नफा, हा जुना प्रश्न त्या रुपयापुरता आजही उभा राहतो.